बुधवारची रात्र

दिल्ली विमानतळावर धुक्यामुळे पुण्याचं विमान रखडलं. सव्वासातला फलकावर नवी वेळ आली: सुटणार 10:30, पुण्यात 12:40. प्राध्यापकबाईंनी साताऱ्याहून निघणाऱ्या बबनदादांना घाईघाईत लिहिलं, “फ्लाइट तीन तास लेट आहे, त्याप्रमाणे या.”

शेजारी एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक बसले होते. त्यांना विचारल्याशिवाय बोलायची सवय होती. “तीन तास कशापासून मोजायचे ताई? सुटण्यापासून, उतरण्यापासून, की तुम्ही दिलेल्या वेळेपासून? ड्रायव्हरला गणित घालू नका, उत्तर सांगा. आणि विमान उतरलं म्हणजे तुम्ही बाहेर आलात असं नाही. बॅग यायची असते.”

बाई शिस्तीच्या. त्यांनी नवा मेसेज लिहिला: “बबनदादा, आधीचा मेसेज सोडून द्या. विमान 9:50 ऐवजी 12:40 ला उतरेल. बॅग घेऊन मी बुधवारी रात्री 1:15 ला एरोमॉलमध्ये येईन. दहानंतर माझा फोन बंद असेल. त्याआधी नक्की कळवा.”

दोन निळ्या खुणा उमटल्या. मग उत्तर आलं, “ओके ताई.”

बाईंनी पुस्तक उघडलं.

“ओके म्हणजे वाचलं,” काका म्हणाले. “काय वाचलं ते विचारा. डेपोत आम्ही फोनवर गाडीची वेळ सांगायचो आणि समोरच्याकडून तीच परत म्हणून घ्यायचो.”

बाईंना हे जरा अतीच वाटलं. तरी त्यांनी विचारलं, “दादा, किती वाजता आणि कुठे, एकदा लिहाल का?”

“उद्या रात्री सव्वा, एरोमॉल. सुरूर फाट्यावर आहे, गाडी वळवून घरी चाललो.”

बाईंनी फोनच लावला. “अहो दादा, उद्या नाही, आज!”

“पण ताई, तुम्ही बुधवार लिहिलंय. आज मंगळवार.”

चूक कुणाचीच नव्हती. बारा वाजून गेले की कॅलेंडरवर बुधवार लागतो, पण रात्रभर गाडी हाकणाऱ्याला झुंजुमुंजू होईपर्यंत ती मंगळवारचीच रात्र असते.

“म्हणजे आज जेवून निघायचं,” बाई म्हणाल्या, “आणि उजाडायच्या आत मला घेऊन साताऱ्याच्या रस्त्याला लागायचं.”

“हां, आता आलं ध्यानात. मग इथंच ढाब्यावर जेवतो, गाडीत डुलकी काढतो आणि दहाला हलतो. आधी येऊन पार्किंगचं मीटर कशाला वाढवायचं?”

फोन ठेवल्यावरही बाईंनी ते लिहून पाठवलं: “आजच रात्री, जेवणानंतर, 1:15, एरोमॉल.” उत्तरात तेच शब्द आले, त्यापुढे “ओके” नव्हतं.

काका तोवर आपल्या पुतण्याला फोनवर सांगत होते, “अरे, विमान लेट आहे, ये सावकाश.”

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

“थांब रे,” काका फोनमध्ये म्हणाले, “किती वाजता येशील ते सांग बघू.”