पौर्णिमेच्या पंगतीला बांधकरी का नसतात?

काल्पनिक जग रचताना अनेकजण जेवणाची सुरुवात ताटापासून करतात. जांभळा भात, तीन डोळ्यांचा मासा, चांदीचे पेले. मी सुरुवात टंचाईपासून करते. इथे काय कमी पडतं, आणि ते मिळवायला कोण राबतं? उर्सुला ले ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) या कादंबरीतल्या गोठलेल्या ग्रहावर जेवणाच्या टेबलावर एक छोटं अवजार असतं. दोन घोटांच्या मधे पेयावर जमणारा बर्फ फोडायला. त्या एका वस्तूत अख्खं हवामान कळतं.

सध्या मी ‘खारवण’ नावाचा प्रदेश रचते आहे. खाडीकाठी मातीचा लांब बांध, त्यामागे भातशेती. कोकणातल्या खारजमिनी किंवा गोव्यातली खाजनं पाहिलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. बांधातली दारं भरतीला बंद राहतात आणि ओहोटीला उघडतात. बांध फुटला तर पीक जातंच, शिवाय पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत जमीनही कामाची राहत नाही.

म्हणजे खारवणात मीठ हा शत्रू. त्यामुळे प्रतिष्ठित घरांत भात अळणी खातात आणि पाहुण्याने मीठ मागणं असभ्य समजलं जातं. पण जो दिवसभर चिखल उपसतो, त्याच्या घामातून मीठ जातं, त्याला ते हवंच. बांधकरी खारवलेली मासळी खातात. पंगतीत कुणी मिठाकडे नुसतं पाहिलं तरी त्याचं घराणं कळतं. शिष्टाचार म्हणून सांगितली जाणारी गोष्ट खरं तर न घाम गाळणाऱ्यांची सवय आहे.

आता मेजवानी. मालक लोक ती पौर्णिमेला ठेवतात, कारण उजेड छान असतो. पण पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या सुमारास समुद्राला उधाण येतं. बांधाला सगळ्यात जास्त धोका तेव्हाच. म्हणून बांधकरी त्या रात्री दारांपाशी पहाऱ्यावर असतात आणि त्यांचा वाटा पानात बांधून पाठवला जातो. यात सुरुवातीला कुणाचाच दुष्टपणा नाही, कुणालातरी तिथे थांबावंच लागणार.

दोन पिढ्या गेल्या की वाटा पाठवण्याची रीत होते. चार पिढ्यांनी लोक म्हणतात, “बांधकरी आपल्यात जेवत नाहीत, त्यांच्यात तसंच असतं.” मग कधीतरी बांध दगडी होतो, पहाऱ्याला दोन माणसं पुरतात. बाकीचे आता येऊ शकतात. त्यांना बोलावलं जातं का?

मला या सगळ्या रचनेतला नैतिक प्रश्न इथे दिसतो. गरजेतून आलेली रीत अन्याय नेमकी कधी होते? माझ्या मते, कारण संपल्यावरही ती चालू राहते आणि तिच्या समर्थनासाठी नवं कारण शोधलं जातं, त्या दिवशी. “त्यांच्या हाताला खाऱ्या चिखलाचा वास येतो,” हे वाक्य खारवणात बांध दगडी झाल्यानंतरच जन्माला येतं. पंक्तिभेद माहीत असलेल्या आपल्याला ते वाक्य परकं वाटू नये.

पण पौर्णिमा निवडली तेव्हाचं काय? मालकांना उधाण माहीत होतं. अष्टमीच्या सुमारास भरती कमी चढते. तेव्हा मेजवानी ठेवली असती तर थोडा उजेड कमी आणि बरीच माणसं जास्त झाली असती. म्हणजे गरज खरी होती, पण तारीख ही निवड होती. मी हे खारवणातल्या एका म्हातारीच्या तोंडी घातलं आहे. ती दरवर्षी अष्टमीला बांधावर चूल मांडते.

रचणाऱ्याचीही एक जबाबदारी येते. उतरंड रचायला मजा वाटते, कारण तिच्यामुळे जग खरं भासतं. मग गरिबांच्या वाट्याला फक्त पेज आणि श्रीमंतांचं उष्टं येतं. असं जग शोषण दाखवत नाही, ते वरच्या पंगतीच्या नजरेने खाली बघतं. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या दलित खाद्यसंस्कृतीवरच्या पुस्तकाचं नाव ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ठेवलं. ‘पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्या ताटात कुणाचं अन्न मोजलंच नव्हतं, हे त्या एका ‘अ’मधून कळतं.

म्हणून मी बांधकऱ्यांचं स्वयंपाकघर आधी लिहिलं. ओहोटीला पाणी बाहेर पडताना दारापाशी जाळं लावून धरलेली मासळी, चिखलातले खेकडे. त्यांचेही नियम आहेत: पहिला खेकडा रात्रपाळीवाल्याचा, आणि अळणी भात फक्त आजाऱ्याला. मालकांच्या सगळ्यात प्रतिष्ठित पदार्थाला ते ‘आजाऱ्याचा भात’ म्हणतात आणि हसतात.

तुम्ही एखादं जग रचत असाल, तर मेजवानीचं वर्णन झाल्यावर त्याच रात्री तिथे नसलेल्या माणसांची यादी करा. प्रत्येकापुढे दोन कारणं लिहा: पंगतीत सांगितलं जाणारं आणि त्या माणसाने स्वतः सांगितलेलं. दोन्ही सारखीच निघाली, तर त्या माणसाला तुम्ही अजून बोलू दिलेलं नाही.