या जर्नलवर सही होणार नाही

हे जर्नल परत घे. दोनशे विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतलीस, त्यासाठी उन्हातान्हात हिंडलास आणि शेवटच्या पानावर सगळ्याची माती केलीस.

तुझाच तक्ता वाच. वसतिगृहातले ८० जण: ४० नाश्ता करून वर्गात येतात, ४० उपाशी. घरून येणारे १२०: ८० नाश्ता करून, ४० उपाशी. मग अपेक्षित वारंवारतेच्या चारही घरांत ५० कुठून आले? २०० ला सरळ ४ ने भागलंस! वसतिगृहात शंभर मुलं अपेक्षित आहेत, असं तुला कोणी सांगितलं? ती ८० आहेत, तूच मोजलीस. चारही घरं सारखी असावीत, ही आपली शून्य परिकल्पना नाहीच. राहण्याचं ठिकाण आणि नाश्ता यांचा एकमेकांशी संबंध नाही, ही आहे. तसं असेल तर २०० पैकी १२० जण नाश्ता करतात, तेच प्रमाण वसतिगृहातल्या ८० जणांत दिसायला हवं. ८० गुणिले १२० भागिले २००, म्हणजे ४८. आडवी बेरीज गुणिले उभी बेरीज भागिले एकूण बेरीज, हे सूत्र यातूनच येतं. तू ते घोकलंस आणि त्याचा अर्थ वाऱ्यावर सोडलास. उरलेली घरं ३२, ७२ आणि ४८. यांच्या बेरजा मूळ तक्त्याशी जुळतात, तुझ्या पन्नासांच्या जुळत नाहीत. निदान एवढं तरी पाहायचं होतंस!

प्रत्येक घरात फरक ८ चा. त्याचा वर्ग ६४, त्याला त्या त्या घराच्या अपेक्षित संख्येने भाग आणि बेरीज कर: ५.५६. तुझं काय-स्क्वेअर २४! ‘निष्कर्ष तर तोच आला ना, सर’ असं म्हणू नकोस. प्रत्यक्ष आकडे तंतोतंत ४८, ३२, ७२, ४८ असते, म्हणजे संबंध कणभरही नसता, तरी तुझ्या रीतीने १६.३२ आले असते आणि तू संबंध सिद्ध करून मोकळा झाला असतास.

डिग्री ऑफ फ्रीडम ३ लिहिलीस. बेरजा पक्क्या असताना एक घर भरलं की बाकीची तीन आपोआप ठरतात, म्हणून ती १. कार्ल पिअर्सनने १९०० साली ही कसोटी मांडली तेव्हा त्याचंही इथेच चुकलं होतं, पण फिशरने १९२२ मध्ये ती चूक दुरुस्त केली. आज तुला ती करायला सबब नाही. पाच टक्के पातळीला सीमा ३.८४ आहे आणि ५.५६ तिच्या पुढे जातं.

खाली टक्केवारी भरून काढलेलं २.७८ आधी खोड. टक्के घेतलेस म्हणजे दोनशे माणसांची शंभर केलीस, उत्तर निम्मं झालं आणि खरा संबंध दिसेनासा झाला. या कसोटीत माणसं मोजायची, टक्के नाहीत.

‘वसतिगृहामुळे मुलं उपाशी राहतात’ हेही वाक्य काढ. संबंध आढळला, कारण सापडलेलं नाही. चारही अपेक्षित संख्या हाताने काढून उद्या पहिल्या तासाला आण, तोवर सही नाही.