११,९०४ युरोंनंतरचा हिशेब

जर्मनीत एमएस करायला निघालेल्या मुलाच्या घरात ११,९०४ युरो हा आकडा आजीपासून धाकट्या भावापर्यंत सगळ्यांना पाठ असतो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षभराची एवढी रक्कम आधीच भरावी लागते. मुलगा तिथे पोहोचला की त्यातून त्याला दर महिन्याला ९९२ युरो मिळू लागतात. १ सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा लागू आहे. सरकारी विद्यापीठांत शिक्षण फुकट असते, हेही सर्वांनी ऐकलेले असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की घरात ठरून जाते, ‘बारा लाखांत वर्ष निघते.’ बँकेतले कर्ज, मोडायच्या मुदतठेवी, काकांकडून घ्यायचे उसने पैसे, सगळे याच अंदाजावर बेतले जाते.

पण हा आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, ते पाहायला हवे. हा विद्यार्थी आमच्यावर भार न टाकता वर्षभर जगू शकेल का, हा जर्मन सरकारचा प्रश्न आहे आणि ११,९०४ हे त्याचे उत्तर आहे. घरचा प्रश्न वेगळा असतो: आमच्या खात्यातून किती रुपये जाणार, कोणत्या महिन्यात जाणार आणि त्यातले किती परत येणार? दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रश्नाला लावले, तर आकडा कितीही अधिकृत असला तरी अंदाज चुकतोच.

उदाहरण स्टुटगार्टचे घेऊ. हे शहर १९६८ पासून मुंबईचे भगिनीशहर आहे, आणि मोटार उद्योगामुळे आपल्याकडच्या मेकॅनिकल शाखेच्या मुलांचा तिकडे ओढा असतो. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र शिक्षण फुकट नाही. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून तिथे दर सत्राला १,५०० युरो शिक्षणशुल्क भरावे लागते. शिवाय सत्रवर्गणी असते, ती सुमारे २०० युरो धरू. म्हणजे वर्षाचे ३,४०० युरो केवळ विद्यापीठाचे झाले, आणि ब्लॉक्ड अकाउंटचा आकडा ठरवताना हे पैसे धरलेले नसतात.

पुढचा मोठा खर्च भाड्याचा. विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली तर बरेच स्वस्त पडते, पण त्याची प्रतीक्षायादी लांबलचक असते. म्हणून पहिल्या वर्षाचा अंदाज खासगी सामायिक घरातल्या खोलीवरच बांधावा. जाहिरातीत दोन भाडी दिसतात. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचे भाडे, आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून द्यायची रक्कम. अंदाजात नेहमी दुसरे धरायचे, आणि त्यात वीज व इंटरनेट आहे का, हे विचारून घ्यायचे. आपण नुसत्या जागेचे ४०० आणि सगळे मिळून ५२० युरो धरू. वर्षाचे ६,२४० झाले. घरमालक अनामत घेतो. कायद्याने ती जागेच्या भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणजे आपल्या उदाहरणात जास्तीत जास्त १,२०० युरो. ही रक्कम परत मिळते, म्हणून पुष्कळ जण ती हिशेबातूनच गाळतात. पण ती परत मिळते घर सोडल्यावर, बऱ्याचदा त्यानंतरही काही महिन्यांनी. पहिल्या वर्षात ती हातातून गेलेलीच असते.

विम्याचे गणित सोपे आहे, फक्त त्यात दोन वळणे आहेत. तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला सार्वजनिक आरोग्यविम्याचा विद्यार्थी दर मिळतो. २०२५ मध्ये तो महिन्याला साधारण १४५ युरोंच्या आसपास होता, म्हणजे वर्षाला १,७४०. पहिले वळण असे, की हे संरक्षण सत्रापासून सुरू होते. त्याआधी दोन-तीन आठवडे पोहोचणाऱ्याला तेवढ्या दिवसांचा प्रवासविमा वेगळा घ्यावा लागतो. दुसरे वळण महाग पडू शकते. स्वस्त खासगी विमा पाहून सुरुवातीलाच सार्वजनिक विम्यातून सूट घेतली, तर ती सूट त्या शिक्षणाच्या काळात मागे घेता येत नाही. महिन्याला वाचणाऱ्या शे-सव्वाशे युरोंसाठी हा निर्णय पहिल्याच आठवड्यात घेऊन टाकू नये.

जेवण, मोबाइल, प्रवासाचा पास, प्रत्येक घराला लागू असलेल्या प्रसारण शुल्कातला आपला वाटा, हे सगळे मिळून महिन्याला ३०० युरो धरू, म्हणजे वर्षाला ३,६००. हिवाळ्याचे कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी आणि निवास परवान्याचे शुल्क मिळून एकदाच ६०० युरो.

आता बेरीज. भाडे, विमा आणि रोजचा खर्च मिळून ११,५८० युरो होतात. म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटचा आकडा जगण्यापुरता खरा आहे, पण पुरता पुरता संपतो. शुल्क, अनामत आणि सुरुवातीचा खर्च मिळून ५,२०० युरो त्याच्या बाहेर राहतात. एकूण गरज १६,७८० युरोंची. पाठ झालेल्या आकड्यापेक्षा हा जवळजवळ पाच हजार युरोंनी मोठा आहे. अर्ज, कागदपत्रांची एपीएस तपासणी, व्हिसा आणि विमानाचे तिकीट हा खर्च निघण्याआधीचा. त्याचा हिशेब वेगळा मांडावा.

एकूण बेरजेइतकेच महत्त्व वेळेला आहे. ब्लॉक्ड अकाउंटमधला पहिला हप्ता विमानतळावर उतरल्या-उतरल्या मिळत नाही. आधी पत्त्याची नोंदणी करायची, तिथल्या बँकेत खाते उघडायचे, मग पैसे सुटतात. घरच मिळाले नसेल तर पत्ता नाही आणि पत्ता नाही म्हणून पुढचे सगळे अडते. नेमक्या याच आठवड्यांत सर्वांत मोठी देणी येतात. पहिल्या सत्राचे शुल्क व वर्गणी १,७००, अनामत १,२००, पहिले भाडे ५२०, विमा १४५, सुरुवातीची खरेदी ६०० आणि खाणेपिणे ३००, असे ४,४६५ युरो. खात्यात बारा हजार युरो असूनही मुलगा या काळात अडचणीत येतो, कारण ते पैसे त्याचे असले तरी अजून त्याच्या हातात नसतात. म्हणून अंदाजात प्रत्येक रकमेसमोर महिना लिहिलेला हवा.

इथपर्यंतचा हिशेब मी मुद्दाम युरोंत ठेवला. रुपयांत सुरुवातीपासून मांडला की दर बदलल्यावर खर्च वाढला की युरो महागला, हे कळेनासे होते. रुपयांत आणण्याची पायरी शेवटची, आणि तिथे दोन वेगळ्या गोष्टी घडतात. त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात.

पहिली गोष्ट बँकेचा फरक. इंटरनेटवर दिसतो तो बाजारातला मधला दर असतो. त्या दराने आपल्याला कोणी युरो विकत नाही. बँक आपल्या विक्रीदराने विकते आणि त्या दरातच तिची कमाई असते. समजा मधला दर १०० रुपये आहे. एका बँकेने १०२ सांगितला आणि दुसऱ्या सेवेने १००.५०, तर १६,७८० युरोंवर पहिल्या ठिकाणी ३३,५६० रुपये जास्त जातात आणि दुसऱ्या ठिकाणी ८,३९०. बँकेच्या पावतीवर हा फरक शुल्क म्हणून छापलेला नसतो. तिथे छापलेले असते हजार-पाचशे रुपयांचे पाठवणी शुल्क आणि चलनबदलावरचा जीएसटी, जो बारा लाखांच्या व्यवहारावर साधारण हजार रुपयेच होतो. लोक घासाघीस करतात ती या हजाराची, आणि पंचवीस हजार निमूट देऊन येतात.

हा फरक ओळखणे अवघड नाही. कामकाजाच्या दिवशी दुपारी एफबीआयएल ही संस्था डॉलर, युरो, पाउंड आणि येन यांचे संदर्भदर जाहीर करते. त्याच सुमारास बँकेकडून दर घ्यायचा, दोन्हींतली तफावत संदर्भदराने भागायची आणि शंभराने गुणायचे. बँकेला प्रश्नही एकच विचारायचा: समोरच्या खात्यात पूर्ण ११,९०४ युरो पडण्यासाठी माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील? ‘पूर्ण’ या शब्दावर अडून राहायचे. वाटेतल्या मध्यस्थ बँका आपले शुल्क रकमेतूनच कापतात. पंधरा-वीस युरो कमी पोहोचले तरी खाते अपुरे ठरते, प्रमाणपत्र अडते आणि व्हिसाची तारीख तोंडावर आलेली असते. सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडून घेण्याचा पर्याय फॉर्मवर असतो. तो निवडावा, आणि तरीही थोडी रक्कम जास्त पाठवावी.

इथेच टीसीएसचाही विचार करायचा. २०२५-२६ च्या नियमांनुसार एका पॅनवरून आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेल्या रकमेपैकी १० लाखांपर्यंत टीसीएस नव्हता. त्यावर, शिक्षणासाठी स्वतःचे पैसे असतील तर ५ टक्के कापले जात. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवल्यास कापले जात नव्हते. आपल्या उदाहरणात १०२ च्या दराने साधारण १७ लाख ११ हजार रुपये होतात. ते एकाच पॅनवरून गेले तर त्या नियमांनी सुमारे ३५,५०० रुपये टीसीएस झाला असता. हा खर्च नव्हे, विवरणपत्रात तो मिळतो. पण अनामतीसारखाच तो काही महिने अडकतो, म्हणून त्यालाही तारखेच्या रकान्यात जागा हवी. आई आणि वडील दोघांकडे आपापले पैसे असतील तर दोन पॅनवरून रक्कम विभागून पाठवता येते. पैसे पाठवण्याच्या वर्षात कोणता दर लागू आहे, ते मात्र तपासावे.

दुसरी गोष्ट दराची हालचाल, आणि तिच्यापुढे बँकेचा फरक लहान वाटतो. जानेवारी २०२५ मध्ये युरो ८९ रुपयांच्या आसपास होता, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो १०३ च्या आसपास गेला. ११,९०४ युरोंसाठी जानेवारीत साधारण १० लाख ६० हजार लागले असते, सप्टेंबरमध्ये १२ लाख २६ हजार. प्रवेशपत्र हाती येण्याच्या सुमारास काढलेला अंदाज आणि पैसे भरण्याचा दिवस यांतही असेच काही महिन्यांचे अंतर असते. त्यात कर्ज मंजूर होते रुपयांत. युरो चढला की मंजुरी जुनीच राहते आणि गरज वाढते.

बँकेचा फरक चौकशीने कमी करता येतो, दराची हालचाल नाही. म्हणून पहिल्याला अंदाजात नेमका आकडा द्यावा आणि दुसरीसाठी राखीव ठेवावी. आजच्या दराने येणाऱ्या रकमेवर निदान दहा टक्के. २०२५ सारखे वर्ष आले तर तेही पुरणार नाहीत, पण उसने मागायची रक्कम तरी आवाक्यात राहील. तिथे अर्धवेळ काम करून भर घालू, हा आधार पहिल्या वर्षाच्या अंदाजात घेऊ नये. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, पण परवानगी म्हणजे नोकरी नव्हे, आणि पहिले सत्र भाषा व परीक्षा यांतच जाते.

या अंदाजावर अनेक घरांत राहते घर तारण ठेवले जाते. म्हणून तो नेमका असणे हा आईवडिलांचा हक्क आहे असे मला वाटते, आणि तो मांडण्याची जबाबदारी जाणाऱ्याची. त्याने घरच्यांसमोर एक आकडा ठेवू नये, तीन ठेवावेत: वर्षात खर्च होऊन जाणारे १५,५८० युरो, अडकून पुढे परत येणारे १,२०० युरो आणि टीसीएस, आणि पहिल्या महिन्यात ब्लॉक्ड अकाउंटशिवाय हाताशी हवेत ते ४,४६५ युरो. तिन्ही रकमा बँकेच्या विक्रीदराने रुपयांत आणाव्यात, त्यावर राखीव धरावी. एवढे करून जमत नसेल, तर शिक्षणशुल्क नसलेल्या राज्यातले विद्यापीठ निवडता येते किंवा एक सत्र थांबता येते. हे दोन्ही मार्ग खुले असतात ते पैसे पाठवण्याआधीच.