रोहिणीच्या अस्तराचा विचार

घिवलीहून बोईसरच्या कारखान्यात पाळीवर निघालेल्या एखाद्या निरोगी, बावीस वर्षांच्या तरुणाच्या रोहिण्यांत हृदयविकाराचे बीज पडलेले असू शकते, हे विधान आपल्याला सहजासहजी पटणार नाही; पण त्याचा सबळ पुरावा १९५३ साली एनॉस, होम्स आणि बेयर यांनी प्रसिद्ध केला. कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांचे सरासरी वय बावीस होते, आणि त्यांपैकी सुमारे ७७ टक्क्यांच्या हृदयरोहिण्यांत रोगाच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या.

आरंभ कोठून होतो, हा प्रश्न मात्र जुनाच होता. व्हिर्कोला एकोणिसाव्या शतकात त्यात दाह दिसला होता. १९१३ साली अनिच्कोव्हने सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या रोहिण्यांत पिवळट रेषा उमटवल्या. पुढे १९७०च्या दशकात रॉसने असे मांडले की आतले अस्तर प्रथम खरचटते आणि मग रोग सुरू होतो. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली अशा कोवळ्या स्निग्ध रेषांवरचे अस्तर पुष्कळदा अखंडच आढळे.

ही अडचण ज्या निरीक्षणाने दूर झाली, ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटते. अ‍ॅसिटिलकोलीनने सशाच्या महारोहिणीची कापलेली पट्टी सैल पडण्याऐवजी आकसते, असे फर्चगॉट वर्षानुवर्षे पाहत आले होते; पट्टी कापताना तिची आतली बाजू घासली जाते आणि सैल होण्याचा गुण त्या घासण्यातच नाहीसा होतो, हे ध्यानी आल्यावर त्यांनी आणि झवाडझ्की यांनी १९८० साली ते सिद्ध केले. अस्तर म्हणजे निव्वळ आच्छादन नव्हे. ते नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून स्नायूला शिथिल करते आणि रक्तपेशींना भिंतीला चिकटू देत नाही. धूम्रपानाने किंवा रक्तातील वाढलेल्या चरबीने हा वायू निष्प्रभ झाला, की जेथे रोहिणी दुभंगते आणि प्रवाह अस्थिर असतो तेथे एलडीएलचे कण आत अडकून ऑक्सिडीकृत होतात. अस्तर चिकट रेणू बाहेर काढते. रक्तातील मोनोसाइट पेशी आत शिरून ते कण गिळतात आणि चरबीने फुगून फेनपेशी बनतात. त्यांचा पुंज म्हणजेच स्निग्ध रेषा. अस्तर न फाटताच कर्तव्यभ्रष्ट होते, हा त्याचा अर्थ.

हा बिघाड जिवंत माणसात दिसतो का? सेलरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ते दाखवले. हातावर पट्टा आवळून चार-पाच मिनिटे रक्तप्रवाह रोखायचा, मग सोडायचा, आणि अस्तराच्या नायट्रिक ऑक्साइडने दंडाची रोहिणी किती रुंदावते ते ध्वनिलहरींनी मोजायचे: चार मिलिमीटरची रोहिणी ४.३ झाली, तर वाढ साडेसात टक्के, ४.१ झाली, तर अवघी अडीच. धूम्रपान करणाऱ्या तरुणांत आणि आनुवंशिक कोलेस्टेरॉलवृद्धी असलेल्या मुलांत ही वाढ खुंटलेली आढळली. तथापि जेवण, थंडी, तपासणाऱ्याचा हात यांनीही आकडे बदलतात. म्हणून या मापाने व्यक्तीचे भवितव्य मुक्रर करता येत नाही, आणि प्रत्येक स्निग्ध रेषा पुढे कठीण गाठ होतेच असेही नाही, काही विरून जातात.