रविवारचा निरोप

जोडीने यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्यांत एकाचा रविवारी रात्री निरोप ठरलेला असतो : काय पब्लिक झालं, काय शेड्यूल्ड आहे, काय रिव्ह्यूत अडकलंय. किल्ल्यांवरच्या एका चॅनेलचा असा निरोप मी नेहमी वाचतो.

पब्लिकवर एक ओळ पुरते. शेड्यूल्डला दिवस-वेळ लिहावी लागते, कारण ती वेळ येईपर्यंत व्हिडिओ प्रायव्हेटच असतो. लिंक उत्साहाने गावभर वाटली तरी कुणाला काही दिसत नाही. आणि अर्धवट ठेवलेला ड्राफ्ट म्हणजे शेड्यूल्ड नव्हे. तो आपणहून कधीच बाहेर पडत नाही.

खरी गोम रिव्ह्यूत आहे. ‘राजगड रिव्ह्यूत आहे’ एवढं वाचून जोडीदाराने काय समजायचं? कट त्यानेच बघायचा राहिलाय, की यूट्यूबची तपासणी चालू आहे, की कॉपीराइटचा क्लेम आलाय? या तिन्हींत वाट वेगवेगळ्या माणसाची बघायची असते.

मागे त्यांच्या राजगडच्या व्हिडिओत पोवाड्यामागे एका लायब्ररीतून रीतसर घेतलेला हलगीचा ठेका होता. तोच ठेका दुसऱ्या कुणाच्या गाण्यातही असल्याने सोमवारी कंटेंट आयडीचा क्लेम आला. गंमत म्हणजे व्हिडिओ पब्लिकच राहिला, लोक बघत होते. फक्त जाहिरातीचे पैसे क्लेम करणाऱ्याकडे वळणार होते. म्हणजे एकच व्हिडिओ दोन रकान्यांत!

अशा वेळी डिस्प्यूट पाच दिवसांच्या आत केला, तर क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई निकाल लागेपर्यंत बाजूला राखून ठेवली जाते. उशीर केला, तर डिस्प्यूट केल्या दिवसापासूनचीच. सोमवारचा क्लेम रविवारच्या निरोपात कळला, तर मुदत केव्हाच उलटलेली. नव्या व्हिडिओचे पहिले दिवसच सहसा जास्त कमाईचे, तेच हातचे जाणार. यांनी फोनाफोनी करून बुधवारी, 3 जूनला, लायब्ररीच्या परवान्याचा हवाला देत डिस्प्यूट टाकला. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. तो गप्प राहिला तर क्लेम आपोआप सुटतो.

त्या रविवारची ओळ अशी होती : ‘राजगड – पब्लिक. हलगीवर क्लेम, डिस्प्यूट 3 जून, समोरच्याच्या उत्तराची मुदत 3 जुलै. तू काही करायचं नाहीस.’ मला ते शेवटचं वाक्य सगळ्यात आवडलं. ते नसतं, तर जोडीदाराने घाबरून ठेकाच कापून टाकला असता.

तेव्हा निरोप आठवड्याचा असू द्या, पण क्लेम आला की त्याच दिवशी फोन करा. आणि ‘रिव्ह्यू’पुढे कुणाकडे आणि कधीपर्यंत, एवढं लिहाच.