वर्गाआधी अंतर

सांख्यिकी शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याला सरासरी काढता येऊ लागली की पुढचा धडा आकड्यांच्या पसाऱ्याचा असतो. सगळे आकडे सरासरीला चिकटून आहेत की दूर विखुरले आहेत, हे एका संख्येत सांगायचे. त्यासाठी बहुतेक ठिकाणी लगेच प्रमाण विचलन हाती दिले जाते. विद्यार्थी सूत्र पाठ करतो आणि उत्तरही बरोबर काढतो. पण आलेली संख्या नेमकी कशाची आहे, हे विचारले तर गप्प होतो. हा दोष त्याचा नाही, धड्यांच्या क्रमाचा आहे.

एक छोटे उदाहरण घेऊ. घरून कचेरीत पोहोचायला पाच दिवसांत बसने ३८, ४१, ४०, ३६ आणि ४५ मिनिटे लागली. सरासरी ४० मिनिटे. प्रत्येक दिवस सरासरीपासून किती लांब पडला? अनुक्रमे २, १, ०, ४ आणि ५ मिनिटे. त्यांची बेरीज १२, ती पाचाने भागली की २.४. हे झाले सरासरी विचलन. त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही: बस नेहमीच्या वेळेपेक्षा सरासरी २.४ मिनिटे अलीकडे-पलीकडे होते.

प्रमाण विचलनासाठी याच अंतरांचे वर्ग करायचे: ४, १, ०, १६, २५. बेरीज ४६, पाचाने भागून ९.२, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ३.०३. हे ३.०३ कोणत्याही अंतराची साधी सरासरी नाही. मधला ९.२ हा आकडा तर ‘चौरस मिनिटां’त आहे, आणि तसली मिनिटे कोणी पाहिलेली नाहीत. वर्ग कशाला करायचे, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: ऋण चिन्हे घालवण्यासाठी. पण चिन्हे तर आपण वर्ग न करताच घालवली होती. अंतर मोजताना दिशा सोडून दिली, एवढेच. म्हणजे ठरलेले उत्तर खोटे नसले तरी अपुरे आहे, आणि चौकस विद्यार्थ्याला ते जाणवतेच.

सरासरी विचलनात आणखी एक गुण आहे, तो मात्र क्वचितच सांगितला जातो. सरासरीच्या वरची अंतरे मिळवली आणि खालची मिळवली, तर दोन्ही बेरजा सारख्याच येतात. वरच्या उदाहरणात वर १ आणि ५, खाली २ आणि ४, दोन्हीकडे ६. बेरजा जुळल्या नाहीत तर कुठेतरी हिशेब चुकला, हे तिथल्या तिथे कळते. शिवाय यातून एक मर्यादा आपोआप पडते: एकटा आकडा कितीही भरकटला, तरी एकूण अंतरात त्याचा वाटा निम्म्याहून अधिक होऊच शकत नाही. समजा पाचव्या दिवशी रस्ता तुंबला आणि ४५ ऐवजी ७० मिनिटे लागली. आता सरासरी ४५, अंतरे ७, ४, ५, ९ आणि २५, बेरीज ५०, सरासरी विचलन १०. त्या एका दिवसाचा वाटा बरोबर निम्मा. वर्गांच्या बेरजेत मात्र ७९६ पैकी ६२५ एकट्या त्या दिवसाचे, म्हणजे जवळजवळ चार पंचमांश. प्रमाण विचलन १२.६ येते, आणि ते मुख्यतः एका तुंबलेल्या रस्त्याची गोष्ट सांगते. इथे ४५ ही सरासरीच कोणत्याही साध्या दिवसाशी जुळत नाही, हेही खरे. अंतरे मध्यकापासून, म्हणजे ४० पासून मोजली, तर सरासरी ७.४ येते. म्हणून अंतर कशापासून मोजले, हे उत्तरासोबत लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

मग वर्ग जिंकले कसे? ‘प्रमाण विचलन’ हे नाव कार्ल पिअर्सनने १८९० च्या दशकात रूढ केले, पण वाद त्याहून जुना आहे. मोजमापातल्या चुका घंटेच्या आकाराच्या, म्हणजे प्रसामान्य वक्राप्रमाणे पडत असतील, तर वर्गांच्या वाटेने १०० निरीक्षणांतून जी अचूकता मिळते तिच्यासाठी साध्या अंतरांच्या वाटेने ११४ निरीक्षणे लागतात, असे गाउसने १८१६ मध्येच दाखवले होते. १९१४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने अनुभवाच्या आधारे साध्या अंतरांची बाजू घेतली. १९२० मध्ये फिशरने त्याला गणिताने उत्तर दिले आणि वाद मिटल्यासारखा झाला. पण फिशरचे गणित निर्मळ प्रसामान्य वक्रावर उभे होते. १९६० मध्ये ट्युकीने दाखवले की हजारात दोन निरीक्षणे जरी तिप्पट पसाऱ्याच्या ठिकाणाहून आलेली असली, तरी वर्गांचा हा फायदा नाहीसा होतो. प्रत्यक्षातल्या मोजमापात एवढी भेसळ मुळीच दुर्मीळ नाही.

तरीही वर्ग टाकून द्या, असे म्हणता येत नाही. त्यांचे खरे बळ बेरजेत आहे. नाणे उडवा: छापा पडला तर एक रुपया मिळेल, काटा पडला तर एक रुपया जाईल. सरासरी फायदा शून्य, सरासरी विचलन एक रुपया. दोन नाणी उडवली तर चारपैकी दोन वेळा हिशेब शून्यावर येतो आणि दोन वेळा दोन रुपयांचा फरक पडतो. सरासरी विचलन पुन्हा एकच रुपया. तीन नाण्यांना ते दीड होते, आणि चार नाण्यांनाही दीडच राहते. दुसऱ्या आणि चौथ्या नाण्याने जणू अनिश्चितता वाढवलीच नाही! प्रमाण विचलनाचा वर्ग मात्र नीट १, २, ३, ४ असा वाढतो. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या गोष्टींचा पसारा एकत्र करायचा असेल, तर वर्गांशिवाय सरळ हिशेब जमत नाही. नमुन्याच्या सरासरीतली चूक निरीक्षणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, हा नियमही याच बेरजेतून निघतो.

म्हणजे ‘वर्ग का?’ या प्रश्नाला खरे उत्तर आहे. ते चिन्हांत नाही, बेरजेत आहे. पण हे उत्तर विद्यार्थ्याला तेव्हाच पटेल, जेव्हा साध्या अंतराची बेरीज अडताना तो स्वतः पाहील. आपल्याकडे एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात सरासरी विचलन आधी येते खरे, पण त्याच प्रकरणात त्याच्या मर्यादा सांगून पुढे प्रमाण विचलनाकडे वळले जाते. अमेरिकेच्या सामाईक अभ्यासक्रमात ते सहाव्या इयत्तेत येते आणि प्रमाण विचलनाला वरच्या वर्गांपर्यंत थांबावे लागते. मधली ती काही वर्षे मला मोलाची वाटतात.

घाई केली तर काय होते, याचा दाखला शेअर बाजाराच्या जाणकारांकडूनच मिळतो. डॅनिएल गोल्डस्टीन आणि नसीम तालेब यांनी २००७ मध्ये वित्तक्षेत्रातल्या व्यावसायिकांना आणि विद्यार्थ्यांना विचारले: एखादा शेअर रोज सरासरी एक टक्का वर किंवा खाली जातो, तर त्याचे प्रमाण विचलन किती? प्रसामान्य वक्र धरला तर उत्तर सुमारे १.२५ टक्के. बहुतेकांनी प्रमाण विचलन म्हणून सरासरी विचलनच सांगितले. सूत्र रोज वापरूनही मन अंतराच्याच भाषेत विचार करत होते.

म्हणून नवख्याला आधी अंतराची सरासरी द्यावी, आणि तीही ओझरती नव्हे. पाऊस, बसच्या वेळा, परीक्षेचे गुण अशा आकड्यांवर ती पुरेशी वापरू द्यावी. त्यानंतर त्याच्यापुढे नाण्यांचा खेळ ठेवावा आणि १, १, दीड, दीड ही रांग त्याला स्वतः काढू द्यावी. दुसऱ्या नाण्याचे काय झाले, हा प्रश्न त्याने विचारला की प्रमाण विचलन शिकवायला घ्यावे.