लीला कोणाची, सोसणे कोणाचे?

चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यात कामगारांच्या तोंडी एक शब्द वारंवार येतो. कोणाची नोकरी गेली, कोणाचा अपघात झाला, कोणाचे तरुण पोर अचानक दगावले, की शेजारचा माणूस हळहळत म्हणतो, "देवाची लीला, दुसरे काय!" आमच्यातले लोक अशा वेळी "अल्लाहची मर्जी" म्हणतात. वरवर पाहता दोन्ही उद्गार एकच वाटतात, पण त्यांच्यामागचे विचार एक नाहीत. मर्जी म्हटले की हुकूम आला आणि हुकमामागे हेतू आला. लीला म्हटले की खेळ आला, आणि खेळाला हेतू विचारायचा नसतो. म्हणूनच मुसलमान वाचकाला हा शब्द अडखळवतो. कुरआन शरीफने तर स्पष्टच बजावले आहे की आकाश, पृथ्वी आणि त्यांच्या दरम्यान जे काही आहे ते आम्ही खेळ म्हणून निर्माण केलेले नाही. सूरह अंबिया आणि सूरह दुखान या दोन्ही ठिकाणी हा आशय आला आहे. मग ज्या इंद्रायणीच्या काठी आम्ही राहतो, तिथल्या संतांनी जगाला देवाचा खेळ म्हटले, त्याचा अर्थ आम्ही काय घ्यावा?

आधी हे पाहू की हा शब्द कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आला. ईश्वर परिपूर्ण असेल तर त्याने जग का निर्माण केले? माणूस काही करतो ते काहीतरी हवे असते म्हणून. ईश्वराला काही हवे होते असे म्हटले तर तो अपुरा ठरतो. काहीच नको होते असे म्हटले तर एवढा पसारा कशाला, हे कळत नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात या पेचाला लीला हे उत्तर दिले आहे. ज्याला कशाची ददात नाही असा राजाही खेळतो, तो काही मिळवण्यासाठी नव्हे. म्हणजे इथे खेळ याचा अर्थ थट्टा किंवा वेळ घालवणे असा नाही. गरजेपोटी न केलेली, भरलेपणातून आपोआप ओसंडलेली कृती, असा आहे. कुरआनने नाकारलेला खेळ पोकळ आहे. तो खेळणाऱ्याच्या रिकामपणातून येतो आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही. दोन ठिकाणी शब्द एकच दिसला तरी वस्तू वेगळी आहे, एवढे ध्यानात घेतले की पहिली अडचण बरीच हलकी होते.

परंतु दुसरी अडचण त्याहून मोठी आहे आणि सूत्रकारांनी ती लगेच पुढच्या सूत्रात स्वतःच उभी केली आहे. जग हा खेळ असेल तर एकाला सुख आणि दुसऱ्याला यातना देणारा हा खेळगडी पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय? शंकराचार्य तिथे कर्माचा आधार घेतात. ज्याचे जसे कर्म तसे त्याचे भोग. शिवाय त्यांच्या मते परमार्थाच्या पातळीवर हे जगच अज्ञानाने भासणारे आहे. व्यवहारात ते खरे मानून चालावे आणि ज्ञान झाले की त्यातून सुटावे. या मांडणीत जग शेवटी एक अडचण ठरते आणि सुटका हे ध्येय ठरते.

सुटकेचा हा मार्ग काय किंमत मागतो, हे आळंदीतल्या एका घराने सोसले होते. परंपरा असे सांगते की विठ्ठलपंत कुलकर्णी संसार सोडून काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. मागे आळंदीत त्यांची पत्नी रुक्मिणीबाई राहिली. पुढे गुरू यात्रेला निघाले असता आळंदीत आले. नमस्कार करणाऱ्या या बाईला त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, तेव्हा तिने आपली हकिकत सांगितली. गुरूंनी परत जाऊन विठ्ठलपंतांना संसारात पाठवले. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही मुले झाली. संन्याशाने संसार केला म्हणून धर्ममार्तंडांनी कुटुंबाला वाळीत टाकले. मुलांची मुंज होईना. अखेर देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले, आणि आईबापांनी मुलांना मागे ठेवून देह सोडला.

ज्या मुलाच्या वाट्याला जगाने हे दिले, त्याने जगाला खोटे म्हणून बाजूला सारले असते तर कोणी त्याला दोष दिला नसता. ज्ञानदेवांनी तसे केले नाही. १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, आणि १२९६ साली आळंदीला त्यांनी समाधी घेतली. 'अमृतानुभव' हा दहा प्रकरणांचा त्यांचा स्वतंत्र ग्रंथ. त्याचे सातवे प्रकरण सर्वांत मोठे आहे, आणि ते सगळे अज्ञानाच्या खंडनात खर्ची पडले आहे. जग अज्ञानामुळे दिसते असे म्हणता, तर हे अज्ञान राहते कुठे, असा त्यांचा साधा प्रश्न आहे. ज्ञानस्वरूप आत्म्यात म्हणावे तर ज्ञानापुढे ते टिकणार नाही. आत्म्याबाहेर म्हणावे तर बाहेर दुसरे काही नाहीच. अंधार कसा असतो ते पाहायला दिवा घेऊन निघालेल्या माणसासारखी आपली गत होते. मग हे जे दिसते ते काय आहे? ज्ञानदेव सांगतात की ती एकच जाणीव स्वतःच दृश्य होते आणि स्वतःच ते पाहते. पाहण्याच्या या आनंदात तिचे एकपण मोडत नाही. यालाच अभ्यासक चिद्‍विलास म्हणतात. ज्ञानदेवांचा मायावादाशी नेमका किती विरोध होता यावर विद्वानांत वाद आहेत. पण सातव्या प्रकरणाचा रोख कोणाला झाकता येत नाही.

नवव्या प्रकरणात भक्तीबद्दल त्यांनी दिलेला एक दाखला या परिसरात राहणाऱ्याला चटकन पटतो. सगळे एकच असेल तर भक्त कोण आणि देव कोण, असा आक्षेप आहे. त्यावर ते म्हणतात, एकाच डोंगरात देऊळ, देव आणि देवाचा परिवार कोरला, तर भक्तीचा व्यवहारही एकपणात का होऊ नये? चाकणच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी भामचंद्र डोंगर उभा आहे. तिथल्या कोरीव लेण्यांत तुकाराम महाराज चिंतनाला बसत, असे मानले जाते. त्या लेण्यात उभे राहिले की भिंत, छत आणि खांब यांत सांधा सापडत नाही. सगळा पाषाण एक, तरी खांब हा खांबच आणि छत हे छतच. ज्ञानदेवांची लीला ती हीच. आणि त्याच डोंगरावरून खाली पाहिले की कारखान्यांची पत्र्याची छपरे दिसतात. लीला म्हणायचे तर त्या छपरांखालचे जगही तिच्यात आले.

आमच्या परंपरेतही या विचाराची ओळख आहे. मी एक लपलेला खजिना होतो, ओळखले जावे असे मला वाटले म्हणून मी सृष्टी निर्माण केली, अशा आशयाचे वचन सूफी मंडळी फार प्रेमाने सांगतात. हदीसच्या जाणकारांनी त्याची सनद मान्य केलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. १२४० साली दमास्कस येथे वारलेले इब्न अरबी यांच्या विचारात या कल्पनेला मोठे स्थान आहे. 'हमा ओस्त', सर्व तोच, हे त्यांच्या पंथाचे सार झाले. त्यावर शेख अहमद सरहिंदी यांनी हरकत घेतली. सर्व तोच असे म्हणू नका, सर्व त्याच्यापासून आहे असे म्हणा, 'हमा अज ओस्त'. त्यांची भीती खरी होती. सर्व तोच असेल तर जुलूम करणाराही तोच, मग जाब कोणाला विचारायचा?

हा प्रश्न आमच्या पट्ट्यात पुस्तकी नाही. पॉवर प्रेसवर काम करणारा पोरगा हाताने पत्रा डायमध्ये ठेवतो, हात काढतो, पेडल दाबतो. पाळीभरात हजारो वेळा. हात आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर किंवा गार्ड असतो, पण त्याने उत्पादन मंदावते म्हणून कुठे तो बंद करून ठेवतात. मग कधीतरी प्रेस एकदा दाबल्यावर दोनदा खाली येते आणि बोटे जातात. त्यावर "देवाची लीला" म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. गार्ड कोणी काढला याला उत्तर आहे, आणि ते आकाशात शोधावे लागत नाही.

म्हणून आम्हाला वाटते की लीला हा शब्द माणसाने स्वतःपुरता वापरायचा आहे. वाळीत टाकलेल्या मुलाने म्हटले की हे जग ईश्वराचा विलास आहे, तर ते त्याचे मोठेपण. वाळीत टाकणाऱ्याने तेच म्हटले तर तो कावेबाजपणा. स्वतःचे दुःख कडवटपणाशिवाय उचलता यावे म्हणून हा विचार आहे. दुसऱ्याचे दुःख नजरेआड करण्यासाठी तो नाही. वारकऱ्यांनी हे व्यवहारात कसे बसवले ते काल्यात दिसते. सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन होते, कृष्णाचे खेळ गायले जातात आणि मग दही, लाह्या, पोहे एकत्र कालवून सगळ्यांत वाटतात. कोणाच्या घरून काय आले ते त्यात ओळखू येत नाही. तो खेळ आहे, पण त्याला नियम आहे. तिथे कोणी उपाशी राहायचा नाही.

जगाला लीला म्हणणाऱ्यावर जबाबदारी उलट वाढते. अलीकडच्या वर्षांत आळंदीत इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर वारंवार दिसले आहेत. नाल्यांतून प्रक्रिया न करता सोडलेले घरगुती आणि कारखान्यांचे पाणी नदीत येते. त्यातली साबणासारखी द्रव्ये बंधाऱ्यावरून पडताना घुसळली जातात आणि फेस होतो. नदी मिथ्या मानणाऱ्याला तो फेसही मिथ्या म्हणता येईल. नदी हा ईश्वराचाच विलास मानणाऱ्याला ती सोय नाही. सूरह आले इमरानमध्ये सृष्टीवर चिंतन करणारे म्हणतात की हे परवरदिगारा, तू हे व्यर्थ निर्माण केले नाहीस. जग व्यर्थ नाही, या मुद्द्यावर अमृतानुभव वाचणारा आणि कुरआन वाचणारा एकाच काठावर उभे आहेत. निर्माता आणि निर्मिती एक की दोन, यावर त्यांचे मतभेद राहतील, आणि ते राहू द्यावेत.

या मतभेदासकट शेजारी राहण्याची रीत इथे आहेच. देहूहून तुकोबांची पालखी निघते, तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होतो. तिथे अभंग आणि आरती होते, आणि मग पालखी आकुर्डीच्या वाटेला लागते. दर्ग्यातला फकीर आणि पालखीतला वाणी यांनी जगाचे मूळ काय यावर एकमत केले होते, असे कोणी सांगत नाही. आख्यायिका एवढीच की फकिराने आपला न भरणारा कटोरा घेऊन तुकोबांच्या दाराशी भिक्षा मागितली, आणि त्या गरीब घरातल्या चिमूटभर पिठाने तो भरला.